पोळी-भाजी-वरण-भातात शंभर ग्रॅम प्रोटीन बसवताना

वय पन्नास, वजन 62 किलो, पाळी बंद होऊन वर्ष उलटलेलं, थायरॉईडची गोळी रोज सकाळी, बाकी तसं सगळं बरं. गुडघ्यासाठी फिजिओकडे गेले तेव्हा त्यांनी मांडीचे स्नायू कमी झालेत म्हणून वजनं उचलायला लावली आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी माझ्या वजनाला 1.6 ने गुणलं आणि कागदावर शंभर लिहून दिलं. आपल्याकडचा राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा आकडा किलोमागे 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे माझ्यासाठी पन्नासच्या आसपास, पण तो निरोगी माणसाची रोजची गरज भागवण्यापुरता. इस्ट्रोजेन उतरल्यावर स्नायू झपाट्याने झिजतात, त्यात व्यायाम करून ते परत वाढवायचे तर जास्त लागतं असं त्यांचं म्हणणं. सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, बी12 आणि डी तपासून घ्यायला लावलं, आणि स्पष्ट सांगितलं की किडनीचा त्रास असता तर हा आकडा मी दिलाच नसता. हे आधीच लिहितेय कारण मैत्रिणीचा प्लॅन बघून लोक तस्साच उचलतात.

आता शंभर ग्रॅम म्हणजे किती हे मला खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे रोज वरण असतं, उसळ असते, दूध-दही असतं, म्हटलं साठ-सत्तर तर सहज असेल. बाई म्हणाल्या, "ताई, तीन दिवस जे जेवता ते सगळं कच्चं मोजून लिहा, मग बोलू." सातशे-आठशे रुपयांचा किचनचा वजनकाटा आणला आणि सगळ्यात पहिल्यांदा मोजली ती तुरीची डाळ. आम्ही चौघं, कुकरला एक छोटी वाटी डाळ, काट्यावर शंभर ग्रॅम. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन, भागिले चार, म्हणजे माझ्या वाट्याला साडेपाच. वाटीभर पिवळंधमक वरण, वर तूप, लिंबू, आणि त्यात साडेपाच ग्रॅम! बाकीचं पाणी. पोळी मोजली, एका पोळीला 28 ग्रॅम कणीक, म्हणजे तीन ग्रॅम. पोहे एक प्लेट, वर शेंगदाणे धरून सहा. दोन चहाचं दूध मिळून तीन. ज्वारीची भाकरी साठ ग्रॅम पिठाची, सहा ग्रॅम. दह्याची वाटी साडेतीन. सगळं जोडून चाळीस-पंचेचाळीसच्या वर आकडा जाईना, आणि हे चांगलं घरचं जेवण असलेल्या दिवशी, बाहेर वडापाव खाल्ला त्या दिवशीचं तर सोडाच.

इथे एक गोष्ट सांगते जिच्यात बरेच जण अडकतात. मोबाईलमधल्या कॅलरीच्या अ‍ॅपवर कच्चं आणि शिजवलेलं याची जाम खिचडी असते. मटकी कच्ची पन्नास ग्रॅम घेतली की मोड येऊन शंभराच्या वर भरते, प्रोटीन मात्र तेवढंच, अकरा ग्रॅम. तुम्ही मोड आलेली शंभर ग्रॅम मोजून समोर "मटकी 100 ग्रॅम" निवडलं की अ‍ॅप बावीस-तेवीस दाखवतं, म्हणजे दुप्पट. उलटंही होतं, मोड आलेले मूग टाकले की काही अ‍ॅप तीन ग्रॅम दाखवतात कारण तो आकडा चायनीजमध्ये घालतात त्या लांब पांढऱ्या पाणीदार मोडांचा असतो, आपल्या आखूड मोडांचा नाही. म्हणून नियम एकच, डाळ, कडधान्य, पीठ, सोया सगळं कोरडं असतानाच मोजायचं आणि कोरड्याचाच आकडा लावायचा. पहिले पंधरा-वीस दिवस मोजावं लागतं, नंतर घरातल्या वाट्या-डाव पाठ होतात, आता मी काटा क्वचित काढते.

मग वाढवायचं कसं? पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो तो दाण्यांचा. मूठभर दाणे खा, प्रोटीन मिळतं. मिळतं की, शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम, पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. म्हणजे दाणे हे तेलाचं बी आहे ज्यात प्रोटीनही आहे. बदाम-काजू तसेच. नुसत्या डाळीवर भिस्त ठेवायची तर पंचवीस ग्रॅमसाठी एका जेवणात शंभर ग्रॅमच्या वर कच्ची डाळ, म्हणजे अख्ख्या घराचं वरण मी एकटीने प्यायचं. पनीर बरं आहे, शंभर ग्रॅमला अठरा, पण फॅटही वीसच्या वर, रोज दोनशे ग्रॅम पनीर खाल्लं तर वजन कुठे जाईल ते सांगायला नको. सोयाचे वडे मात्र आकड्यात सगळ्यांना मागे टाकतात, शंभर ग्रॅमला बावन्न, आणि फॅट नावापुरतं. पण रोज दोन्ही वेळ सोया कोण खाणार.

बाईंनी यातून जे काढलं ते मला पटलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक जेवणात एक मुख्य प्रोटीनची वस्तू ठरवा जी एकटी दहा ते पंधरा ग्रॅम देते, आणि बाकीचं पोळी, वरण, दही मिळून दहा-पंधरा भरतं. सकाळी पंचवीस, दुपारी पंचवीस, रात्री पंचवीस-तीस, संध्याकाळी वीसेक. दिवसभर थोडं थोडं चघळण्यापेक्षा या वयात एकेका जेवणात पंचवीस-तीस एकत्र आलेलं स्नायूंना जास्त लागू पडतं, म्हणून असं वाटून द्यायचं. आणि वाढवायचं ते आधीच्या जेवणावर चढवायचं नाही, काहीतरी काढून त्या जागी बसवायचं. माझ्या तीन पोळ्यांच्या दोन झाल्या, भात दुपारी अर्धी वाटी आणि रात्री बंद, चहासोबतची बिस्किटं गेली. बिस्किटांचं दुःख अजून आहे.

आता एक सोमवार पूर्ण सांगते, म्हणजे अंदाज येईल.

सहाला थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. तिच्यानंतर तासभर काही नाही, दूधही नाही, आणि सोया, कॅल्शियमची गोळी तर तिच्या जवळपासही नाही कारण हे सगळं त्या गोळीचं शोषण कमी करतं. सोया मी म्हणून रात्रीच ठेवलंय. डॉक्टरांना आहार बदलल्याचं सांगून ठेवलं आणि काही आठवड्यांनी टीएसएच परत बघितलं, ठीक होतं. सातला चहा. नाश्त्याला मुगाच्या डाळीची धिरडी: पन्नास ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवून सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटलेली, बारा ग्रॅम. त्यावर पन्नास ग्रॅम पनीर किसून पसरायचं, कोथिंबीर, दुमडायचं, नऊ ग्रॅम. दही घातलेली दाण्याची चटणी दोन चमचे, तीन. झाले चोवीस. हा नाश्ता केल्यावर साडेअकराला जी भूक लागायची ती लागतच नाही, दुपारी एकपर्यंत माणूस शांत.

दुपारी दोन पोळ्या, मटकीची उसळ पंचेचाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची, म्हणजे मोठी वाटी भरून, पालेभाजी, आणि चक्क्याची कोशिंबीर. चक्का हा या सगळ्यातला माझा लाडका शोध. दही घरी लावतोच, ते रात्री मलमलच्या फडक्यात टांगलं की सकाळी चक्का. लिटरभर गाईच्या दुधाच्या दह्याचा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास निघतो आणि शंभर ग्रॅमला साधारण आठ ग्रॅम प्रोटीन पडतं, साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त. काकडी पिळून, मीठ, मिरपूड, वर जिऱ्या-हिंगाची फोडणी. उसळ दहा, पोळ्या सहा, चक्का आठ, भाजी दीडेक. पंचवीसच्या पुढे. सासूबाईंनी पहिल्यांदा फडकं टांगलेलं बघितलं तर खूश झाल्या, "श्रीखंड करतेयस का गं?" म्हटलं, "नाही आई, कोशिंबीर." त्यांनी जो चेहरा केला!

संध्याकाळी व्यायामाच्या दिवशी व्हे पावडर एक स्कूप, चोवीस ग्रॅम, थंड पाण्यात किंवा ताकात. यावर पुढे बोलते. रात्री ज्वारीची भाकरी, तीस ग्रॅम सोयाच्या वड्यांचा रस्सा, छोटी वाटी वरण, ताक. सोया साडेपंधरा, भाकरी सहा, वरण साडेचार, ताक दोन. अठ्ठावीस. दोन चहाचं दूध धरून दिवसाचे शंभर ओलांडले, आणि तेल-तूप हात राखून वापरलं तर कॅलरी सतराशेच्या आसपास.

सोयाच्या वड्यांबद्दल लोक नाक मुरडतात ते वास नीट काढत नाहीत म्हणून. उकळत्या पाण्यात मीठ आणि आल्याचा तुकडा घालून पाच मिनिटं, मग गार पाणी ओतायचं आणि मुठीत दाबून पिळायचं, फेस येतो तो जाईपर्यंत, दोन-तीनदा. पिळलेले वडे दह्यात, हळद-तिखट-गोडा मसाल्यात अर्धा तास ठेवले की चव आत मुरते, नाहीतर रस्सा वेगळा आणि वडे वेगळे. बारीक दाणे मिळतात त्यांचा खिमा भाकरीबरोबर आमच्या ह्यांनाही आवडतो, मटार घालून.

आठवडा आखताना मी वेगळ्या पदार्थांच्या मागे लागले नाही, कारण घरात चार माणसांचं एक आणि माझं एक असं दोन स्वयंपाक कोण करणार. जे सगळ्यांसाठी होतं त्यातच माझं ताट वेगळं भरायचं. म्हणून आठवडा खरं तर रविवारी ठरतो. रविवारी सकाळी दोन लिटर म्हशीचं दूध फाडून पनीर, चारशे ग्रॅमच्या थोडं वर निघतं, त्याचं पाणी फेकायचं नाही, कणीक मळायला आणि आमटीला वापरायचं. एक दह्याचं फडकं रविवारी रात्री, दुसरं बुधवारी रात्री, चक्का तीन-चार दिवसांच्या वर फ्रीजमध्ये आंबट होतो. मटकी शनिवारी रात्री भिजत, रविवारी मोडाला, सोमवारी उसळ. मूगडाळीचं वाटण फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं म्हणजे सोमवार-मंगळवार दोन्ही नाश्ते निघतात, मंगळवारी धिरड्यात मेथी नाहीतर किसलेला दुधी.

मंगळवारी दुपारी डब्यासाठी घट्ट पिठलं आणि भाकरी. पिठलं हे आपल्या आज्यांनी करून ठेवलेलं प्रोटीनचं जेवण आहे, फक्त पातळ केलं की हातात काही लागत नाही, पन्नास ग्रॅम बेसन एका माणसाला पडलं पाहिजे, म्हणजे अकरा ग्रॅम, सोबत चक्का. रात्री त्याच दिवशी पनीरची भुर्जी. बुधवारी आमच्याकडे इडली ठरलेली, आणि इडलीने मला जरा निराश केलं, चार इडल्या म्हणजे सातेक ग्रॅम कारण तांदूळच जास्त. आता बाकीच्यांना इडली, आणि मला त्याच दिवशी मिश्र डाळींचा डोसा: चणाडाळ, तूर, उडीद, मूग मिळून साठ ग्रॅम आणि तांदूळ वीस, आंबवायचं नाही, भरड वाटायचं, कढीपत्ता-हिंग घालून जाडसर. पंधरा ग्रॅम त्याचे, डाळव्याच्या चटणीचे तीन, आणि कपभर दूध, झाले चोवीस. गुरुवारी रात्री अख्खा मसूर, कऱ्हाडकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा लसूण घालून, पन्नास ग्रॅम मसुराचे बारा. शुक्रवारी टोफू आणते, पण टोफूचं पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय घेऊ नका, एकात शंभर ग्रॅमला आठ असतं आणि शेजारच्यात पंधरा, मऊ असेल तर पाणीच जास्त. शनिवारी भाजणीचं थालीपीठ आणि चक्का, रात्री वरणफळं, डाळ दुप्पट आणि फळं निम्मी. रविवारी दुपारी छोले नाहीतर राजमा. रात्री खिचडी असते तेव्हा तांदूळ आणि मूगडाळ समान, उलट डाळच थोडी जास्त, आणि वर पनीरचे तुकडे परतून. सासूबाई म्हणतात ही खिचडी नाही, पण खातात.

डाळ आणि धान्य एकत्र खाण्याचा फायदा मला आधी ऐकून माहीत होता, बाईंनी नीट समजावला. डाळींमध्ये प्रोटीनच्या घटकांपैकी लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यांत उलटं, दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरतात. एकाच घासात असलंच पाहिजे असं नाही, दिवसभरात आलं तरी चालतं. पण तरीही वनस्पतींचं प्रोटीन दुधापेक्षा कमी पचतं, म्हणून दिवसाच्या शंभरातले निदान तीस-पस्तीस दूध, चक्का, पनीर, व्हे यातून यावेत असं मी बघते.

आता पोट. याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पंचेचाळीसवरून एकदम शंभरावर उडी मारली तर पोट नगारा होतं. बाईंनी टप्पे पाडून दिले होते, पहिले दोन आठवडे फक्त नाश्ता बदलायचा, बाकी जेवण आहे तसं, म्हणजे साठपर्यंत. मग दुपारचं, मग रात्रीचं, व्हे सगळ्यात शेवटी. तरी दुपारच्या टप्प्यावर गॅसेस झालेच, संध्याकाळी कंबरेची नाडी घट्ट वाटायची. कडधान्यांत काही साखरा असतात ज्या आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, तिथून हा वारा. त्यातल्या बऱ्याच भिजवण्याच्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी झाडांना, शिजवायला नवं. मोड आणले की आणखी कमी होतात. कुकरला एक शिट्टी जास्त, दाणा बोटात चुरला गेला पाहिजे, कचकचीत उसळ चवीला छान पण माझ्या पोटाला नाही. सालीच्या मसूर-मुगापासून सुरुवात करून छोले-राजमा शेवटी आणले, आणि तेही फक्त दुपारी. तीनेक आठवड्यांत पोट सरावलं.

दुसरी तक्रार उलटी, बद्धकोष्ठ. ज्या दिवसांत पनीर-व्हेवर भर जास्त आणि भाज्या कमी पडतात, त्या दिवसांनंतर हमखास. पाणी वाढवलं, रात्रीच्या ताटात पालेभाजी सक्तीची केली, गेलं. फरक कसा ओळखायचा तर गॅसेस असतील तर कडधान्य जास्त किंवा कच्चं, आणि पोट साफ होत नसेल तर दूध-पनीर जास्त आणि पाणी-भाजी कमी, ढोबळ पण माझ्यापुरतं बरोबर येतं. आणखी एक, जेवणानंतर लगेच चहा बंद, डाळी-पालेभाजीतलं लोह चहामुळे नीट शोषलं जात नाही, तास तरी जाऊ द्यायचा.

व्हेचं. पहिले दोन महिने मी घेतच नव्हते, डबा बघूनच जिममधली पोरं आठवायची. पण व्यायामाच्या दिवशी संध्याकाळी फुटाणे चाळीस ग्रॅम आणि ग्लासभर दूध घेतलं तरी सोळा-सतरा व्हायचे आणि दिवस त्र्याण्णव-पंच्याण्णववर थांबायचा. थांबला तर आभाळ कोसळत नाही, पण रात्री जेवण उशिरा, भूक कमी, तेव्हा ऐंशीवरही यायचा. व्हे म्हणजे दूध फाडल्यावर उरणारं पाणी, त्यातलं प्रोटीन गाळून वाळवलेली पावडर, दुधाचीच. घेताना डब्यावर पुढे काय लिहिलंय ते सोडून मागचा तक्ता बघायचा आणि शंभर ग्रॅम पावडरीत प्रोटीन किती ते वाचायचं. सत्तर-ऐंशी असेल तर ती प्रोटीन पावडर. केमिस्टकडे "महिलांसाठी" म्हणून जे गुलाबी डबे मिळतात त्यातल्या एकावर मला शंभरात चाळीसही दिसेना, बाकी साखर आणि स्टार्च. बिनचवीची घेतली तर ताकात जिरं-मीठ घालून चालते, मला चॉकलेटचा वास सहन होत नाही. दूध पिऊन पोट फुगत असेल तर आयसोलेट प्रकार बघा, त्यात लॅक्टोज फार कमी. महाग आहे हे खरं, एका स्कूपला सत्तर-ऐंशी रुपये जातात, आणि त्याच पैशात सोयाच्या वड्यांचं पाकीट येतं, म्हणून मी रोज नाही, व्यायामाच्या दिवशीच.

आणि उपवास! आमच्याकडे संकष्टी आणि दोन्ही एकादश्या, सासूबाईंबरोबर मीही करते, आणि या दिवशी सगळा प्लॅन ढेपाळतो. साबुदाण्यात प्रोटीन नाही म्हटलं तरी चालेल, शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नसतं. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं, प्लेटला पाच-सहा. डाळी नाहीत, सोया नाही, पोळी-भाकरी नाही. उरतं काय तर दूध, राजगिरा, दाणे. बाईंनी तर सांगितलं होतं त्या दिवशी आकडा सोडून द्या, पण मला चॅलेंज वाटलं. एकादशीला आता सकाळी ग्लासभर दूध आणि स्कूप. व्हे उपवासाला चालते का, यावर घरात परिषद भरली, शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, "दुधाचंच आहे ना, मग चालतं." दुपारी राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ साठ ग्रॅमचं, आठ ग्रॅम. जिरं-मिरची-बटाटा घालून पनीरची भाजी, ऐंशी ग्रॅम पनीर, साडेचौदा. चक्क्यातली काकडी, आठ. तिथेच तीस झाले. संध्याकाळी दूध आणि दाण्याचा छोटा लाडू. रात्री भगर थोडी आणि दाण्याची आमटी घट्ट, सोबत उरलेलं पनीर तव्यावर भाजून. नव्वदच्या पुढे जाते, स्कूप नसेल तर सत्तरवर थांबते आणि मी तिथे भांडत नाही. साबुदाण्याची खिचडी महिन्यातून एकदा, चवीसाठी, हिशोब न करता. संकष्टीला चंद्रोदयानंतर ताट पूर्ण असतं त्यामुळे ती सोपी.

बाहेरचं जेवण अवघड. लग्नाच्या पंगतीत बघितलं तर मठ्ठा आणि मटकीची उसळ असली तर असली, बाकी जिलबी-पुरी-मसालेभात. तिथे मी उसळ दोनदा मागते, मठ्ठा तीनदा, आणि घरी येऊन रात्री दूध-स्कूप. साठ-पासष्ट होतात. हॉटेलात पनीरच्या ग्रेव्हीत तुकडे मोजून पाच-सहा आणि बाकी काजू-क्रीम, त्यापेक्षा तंदूरमधलं पनीर आणि डाळ तडका बरं.

फरक काय पडला विचारतात. वजन जवळपास तेवढंच आहे, दीडेक किलो कमी. कंबर थोडी उतरली. फिजिओंकडे बसून उठायची चाचणी असते, हात छातीवर घेऊन खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते मोजतात, तो आकडा वाढलाय आणि जिना चढताना गुडघा आधीइतका बोलत नाही. हे प्रोटीनने की व्यायामाने, सांगता येणार नाही, फिजिओ म्हणतात नुसतं प्रोटीन खाऊन बसलात तर स्नायू वाढत नाहीत, आणि नुसती वजनं उचलून खाल्लं नाही तरी नाही. केस गळणं मात्र थांबलेलं नाही, ज्यांना त्यासाठी करायचंय त्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन परत केलं, जागच्या जागी. बी12 मात्र कमीच निघालं होतं, त्याची गोळी वेगळी चालू आहे, दूध-पनीर वाढवूनही ते पुरेसं वर आलं नाही.

माझी धाकटी जाऊ हाच कागद घेऊन गेली, तिचं वजन 50. तिला शंभर लागत नाही, 1.6 ने ऐंशी होतात, म्हणून तिने संध्याकाळचा स्कूप काढून तिथे फुटाणे-ताक ठेवलं आणि रात्री सोया तीसच्या जागी वीस ग्रॅम, बाकी ताट माझंच. माझ्या आईला मात्र, ती अठ्ठ्याहत्तर, क्रिएटिनिन थोडं वर, तिला यातलं काही लावलेलं नाही, तिचं किती ते तिचे किडनीचे डॉक्टरच ठरवतात.